२८५ एमबीचा सुवर्णमहोत्सव

वहिनींचा फोन रात्री साडेनऊला आला. "भावजी, उद्या सकाळी अकराच्या आत फाइल तालुक्याला पाठवायची आहे, आणि ती मेलला काही जोडता येत नाहीये."

वहिनी कोकणातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवतात. शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणून त्यांनी पॉवरपॉइंटमध्ये सादरीकरण केलं होतं: ४८ स्लाइड आणि ७२ फोटो. मजकूर जेमतेम दोन पानांचा असेल, पण फाइल भरली २८५ एमबी. शाळेतल्या जुन्या संगणकावर ती उघडायलाच दोन-तीन मिनिटं लागायची, आणि प्रत्येक नव्या स्लाइडला माउसचा बाण गोल गोल फिरत बसायचा.

मला फोन करण्याआधी त्यांनी स्वतः दोन उपाय करून पाहिले होते. फाइलची झिप केली, तर २८५ चे २८१ एमबी झाले. मग प्रत्येक फोटो कोपऱ्याला धरून लहान केला आणि एकेका स्लाइडवर दोन-दोन फोटो बसवले. फाइल होती तेवढीच राहिली. हे दोन्ही उपाय बहुतेक जण करतात आणि दोन्ही फसतात. ते का फसतात हे कळलं की खरा उपाय शोधायला वेळ लागत नाही.

आधी झिपचं पाहू. ज्या फाइलच्या नावाच्या शेवटी `.pptx` असतं ती फाइल मुळातच झिप असते. २००७ च्या ऑफिसपासून पॉवरपॉइंट आपलं सगळं सामान अशा एका गाठोड्यात बांधून ठेवतो. शिवाय मोबाइलने काढलेला जेपीईजी फोटो आधीच घट्ट दाबलेला असतो. पिळून काढलेला कपडा पुन्हा पिळला तर चार थेंब पडतील, बादली भरणार नाही. वहिनींचे चार एमबी म्हणजे तेच चार थेंब.

दुसरा उपाय फसतो त्याचं कारण वेगळं. स्लाइडवर फोटोचा कोपरा ओढून आपण फक्त चौकट लहान करतो. खिडकी लहान केली म्हणून बाहेरचा डोंगर लहान होत नाही. फोटोचं वजन तो स्लाइडवर किती इंच दिसतो यावर ठरत नाही. त्यात किती पिक्सेल, म्हणजे रंगाचे किती ठिपके आहेत, यावर ते ठरतं.

वहिनींच्या मोबाइलचा एक फोटो ४००० आडवे आणि ३००० उभे ठिपके, म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपक्यांचा होता. जेपीईजी रूपात तो चार एमबीच्या आसपास असतो. पण पडद्यावर दाखवताना संगणकाला तो पूर्ण उलगडावा लागतो, आणि प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले तरी मेमरीत त्याचे ३६ एमबी होतात. एका स्लाइडवर असे दोन फोटो असले की जुना संगणक का अडखळतो ते यावरून कळतं. आता दाखवणारं यंत्र पाहा. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे जेमतेम एकवीस लाख ठिपके मावतात. वर्गात टांगलेले कितीतरी प्रोजेक्टर तर १२८० गुणिले ८००, म्हणजे दहा लाखांच्या आतबाहेरचेच असतात. उरलेले एक कोटी ठिपके फाइलमधून प्रवास करतात, मेमरी अडवतात आणि भिंतीवर दिसतच नाहीत.

गाठोडं उघडून पाहणं

वहिनींनी फाइल ड्राइव्हवर टाकून मला लिंक पाठवली. अशा वेळी मी आधी फाइलची एक प्रत करतो आणि त्या प्रतीच्या नावातलं शेवटचं `.pptx` खोडून तिथे `.zip` लिहितो. (विंडोजमध्ये हे शेपूट दिसत नसेल तर फोल्डरच्या View मेनूत File name extensions वर खूण करावी.) विंडोज इशारा देतं, त्याला हो म्हणायचं. मग ती फाइल साध्या फोल्डरसारखी उघडते. आत `ppt` नावाचा फोल्डर असतो आणि त्याच्या आत `media`. सादरीकरणातलं प्रत्येक चित्र तिथे `image1.jpeg`, `image2.png` अशा नावांनी ठेवलेलं असतं. आकारानुसार क्रम लावला की जागा कोणी अडवली आहे ते पाच सेकंदांत समजतं.

वहिनींच्या गाठोड्यात हे निघालं. मोबाइलचे ५१ मोठे फोटो होते, त्यांचे मिळून १९४ एमबी. सहा चित्रं पीएनजी होती आणि त्या सहांनीच ६६ एमबी घेतले होते. मुख्याध्यापकांच्या एका फोटोची मागची भिंत काढून टाकली होती, त्या एकट्याचे ११ एमबी. कुठूनतरी उतरवलेल्या तयार टेम्प्लेटमधली फुलापानांची चित्रं १० एमबीची. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले १४ फोटो, सगळे मिळून चार एमबी.

शेवटच्या आकड्याने वहिनी चमकल्या. "माजी विद्यार्थ्यांनी पाठवलेले फोटो एवढे हलके कसे?" व्हॉट्सअ‍ॅप साध्या पद्धतीने फोटो पाठवताना तो आधीच लहान करतो. लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांच्या आसपास आणतो, त्यामुळे वजन दोन-तीनशे केबीवर येतं. वहिनींना स्लाइड पाहताना मोबाइलचे फोटो आणि हे फोटो यांत फरक जाणवला नव्हता. पाहणाऱ्यांनाही जाणवला नसता.

१५० हा आकडा कुठून आला

फोटो लहान करण्याची सोय पॉवरपॉइंटमध्येच आहे. कुठल्याही फोटोवर टिचकी मारली की वर Picture Format हा टॅब येतो आणि त्यात Compress Pictures हे बटण असतं. ते दाबल्यावर एक लहान चौकट उघडते. या चौकटीत सर्वांत जास्त लोक चुकतात ते पहिल्याच ओळीत. Apply only to this picture या ओळीवर खूण आधीपासून असते. ती काढली नाही तर ७२ फोटोंपैकी निवडलेला एकच लहान होतो आणि "काहीच फरक पडला नाही" असं म्हणत माणूस पुढच्या उपायाला लागतो. दुसरी ओळ Delete cropped areas of pictures, तिच्यावर खूण राहू द्यायची. तिच्याविषयी पुढे सांगतो.

त्याखाली ३३०, २२०, १५० आणि ९६ ppi असे पर्याय असतात. ppi म्हणजे एका इंचात किती ठिपके ठेवायचे. इथला इंच हा स्लाइडवरचा इंच असतो. हल्लीची रुंद स्लाइड १३.३३ इंच रुंद आणि ७.५ इंच उंच असते. म्हणजे १५० ppi घेतलं तर पूर्ण स्लाइड व्यापणाऱ्या फोटोला २००० गुणिले ११२५ ठिपके मिळतात, फुल एचडी पडद्याला पुरून थोडे उरतात. ९६ घेतलं तर १२८० गुणिले ७२० होतात, लहान वर्गातल्या साध्या प्रोजेक्टरला ते चालतात. भिंतीवर दाखवायच्या सादरीकरणाला १५० हे माझं ठरलेलं उत्तर आहे. त्याच स्लाइड कागदावर छापायच्या असतील तर २२०. काही पर्याय पुसट दिसले तर घाबरू नये. निवडलेल्या फोटोत तेवढे ठिपके मुळातच नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

वहिनींचा एक फोटो स्लाइडच्या पूर्ण उंचीचा, म्हणजे दहा इंच रुंद आणि साडेसात इंच उंच बसवलेला होता. १५० ppi ला तो १५०० गुणिले ११२५, म्हणजे सुमारे सतरा लाख ठिपक्यांचा झाला. मूळ एक कोटी वीस लाखांचा हा सातवा हिस्सा. जे फोटो अर्ध्या स्लाइडवर होते ते याहून लहान झाले.

कामाचा क्रम याच हिशोबावरून ठरतो. पॉवरपॉइंट फोटोचे ठिपके तो त्या क्षणी स्लाइडवर जेवढा आहे त्या मापाने कापतो. आज कोपऱ्यात दोन इंचांचा असलेला फोटो १५० ला कापला की त्यात फक्त ३०० आडवे ठिपके उरतात. उद्या कोणी म्हणालं, "हा जरा मोठा करा हो," तर तो पूर्ण स्लाइडभर फाटलेल्या गोधडीसारखा दिसतो, आणि गेलेले ठिपके परत येत नाहीत. म्हणून आधी सगळी मांडणी पक्की करायची, मगच फोटो कापायचे, आणि कापलेली फाइल नव्या नावाने जतन करायची. मूळ फाइल जशीच्या तशी राहिली पाहिजे.

वहिनींच्या फाइलवर मी हे केलं तेव्हा ५१ फोटोंचे १९४ एमबी उतरून सुमारे ११ एमबी झाले.

सहा हट्टी चित्रं

पीएनजी चित्रं मात्र कापूनही बरीच जड राहिली. पीएनजी हा प्रकार रेघा, अक्षरं, शाळेचं बोधचिन्ह यांच्यासाठी उत्तम. सपाट रंग तो सुंदर साठवतो आणि एकही ठिपका बदलू देत नाही. फोटोत मात्र सपाट असं काहीच नसतं. आकाशातसुद्धा शेजारी शेजारी हजार छटा असतात. डोळ्याला न जाणवणारे फरक जेपीईजी सोडून देतो, पीएनजी तेही जपून ठेवतो, म्हणून तोच फोटो पीएनजीत कितीतरी पट जड होतो.

पण वहिनींनी तर सगळे फोटो मोबाइलनेच काढले होते. मग पीएनजी आले कुठून? थोडं आठवल्यावर त्यांच्याच लक्षात आलं. सहा फोटो त्यांनी दुसऱ्या एका खिडकीत उघडून कॉपी केले होते आणि स्लाइडवर पेस्ट केले होते. असा पेस्ट केलेला फोटो अनेकदा जेपीईजी राहत नाही, पीएनजी म्हणून फाइलमध्ये जातो. Insert मेनूतून Pictures निवडून मूळ फाइल घातली तर हे होत नाही.

इलाज सोपा आहे. चित्रावर उजवी टिचकी मारून Save as Picture निवडायचं आणि प्रकार JPEG ठेवायचा. मग त्याच चित्रावर उजवी टिचकी मारून Change Picture मधून ती नवी फाइल द्यायची. चित्र त्याच जागी, साधारण त्याच मापात बसतं, मांडणी पुन्हा करावी लागत नाही. सहाच चित्रं असल्यामुळे दहा मिनिटांत काम झालं आणि ६६ एमबीचे दीड एमबी राहिले.

कापलेला भाग जातो कुठे

मुख्याध्यापकांच्या फोटोचं कोडं `media` फोल्डरमध्येच सुटलं. तिथे चित्राशेजारी `hdphoto1.wdp` नावाची एक फाइल होती. फोटोची पार्श्वभूमी काढली किंवा त्यावर कलात्मक परिणाम दिले की पॉवरपॉइंट मूळ फोटोही बाजूला ठेवून देतो, पुढे विचार बदलला तर परत आणता यावा म्हणून. सोय चांगली आहे, पण काम संपल्यावर तिची गरज उरत नाही. File, Options, Advanced या वाटेने Image Size and Quality या भागात जायचं, तिथे Discard editing data वर खूण करायची आणि फाइल जतन करायची. ही राखीव प्रत निघून जाते. त्याच भागात Do not compress images in file अशीही एक ओळ आहे. वहिनींच्या फाइलमध्ये तिच्यावर कोणीतरी खूण करून ठेवली होती, तीही काढली.

क्रॉप केलेल्या फोटोंचंही असंच. गटाच्या फोटोतून एकच चेहरा ठेवला तरी बाकीचा गट फाइलमध्ये असतोच, फक्त झाकलेला. यात नुसत्या वजनाचा प्रश्न नाही. शिष्यवृत्तीच्या एका स्लाइडवर वहिनींनी विद्यार्थ्याच्या अर्जाचा फोटो लावला होता आणि खालचा भाग क्रॉप केला होता. मी Crop दाबलं तर विद्यार्थ्याचा पत्ता आणि बँक खात्याचा क्रमांक समोर उभा राहिला. ती फाइल तालुक्याला गेली असती तर तिथल्या कोणालाही तो तसाच वाचता आला असता. Delete cropped areas ची खूण यासाठी महत्त्वाची. ती असली की झाकलेला भाग खरोखर पुसला जातो.

टेम्प्लेटचे १० एमबी View मेनूतल्या Slide Master मध्ये सापडले. तिथे पंधरा-वीस मांडण्या होत्या आणि वहिनींनी त्यांतल्या तीनच वापरल्या होत्या. न वापरलेल्या मांडण्या एकेक निवडून काढल्या, तशी त्यांतली फुलंपानंही गेली.

१७ एमबी, तरी मेल परत

सगळं जतन केलं तेव्हा फाइल १७ एमबी झाली होती. वहिनींनी आनंदाने ती पाठवली आणि पाच मिनिटांत परत आली. त्या कार्यालयाच्या मेलपेटीची मर्यादा २० एमबी होती. "सतरा वीसपेक्षा कमीच ना?" त्यांचा प्रश्न रास्त होता.

ईमेल मुळात अक्षरं पाठवण्यासाठी जन्मली. जोडलेली फाइल तिला आधी अक्षरांच्या रूपात बदलावी लागते आणि त्या बदलात तीन बाइटांच्या जागी चार अक्षरं लागतात. म्हणजे वजन एक तृतीयांशाने वाढतं, आणि १७ एमबीची फाइल वाटेत २३ एमबीच्या आसपास होते. मर्यादा वीसची असेल तर फाइल पंधराच्याही थोडी खालीच हवी, असा हिशोब धरून चालावं. मग मी मेलपुरती ९६ ppi ची वेगळी प्रत केली. ती ९ एमबीची झाली आणि गेली. कार्यक्रमात दाखवायला १५० ची प्रत पेनड्राइव्हवर ठेवली.

एका स्लाइडवर मात्र हा सगळा हिशोब लागू पडला नाही. १९७० च्या दशकातल्या पहिल्या हजेरीपटाचं पान वहिनींनी स्कॅन करून लावलं होतं. शाईने लिहिलेली बारीक नावं ९६ वर तर सोडाच, १५० वरही पुसट झाली. अक्षरं वाचायची असली की चेहऱ्यांच्या फोटोचे नियम चालत नाहीत. सगळे फोटो कापून झाल्यावर ते पान मूळ फाइलमधून नव्याने घातलं, आणि पूर्ण पानाऐवजी पहिल्या दहा नावांचाच भाग आधी वेगळा कापून मोठा करून लावला. एका फोटोचं वजन थोडं वाढलं, पण पहिल्या तुकडीची नावं मागच्या रांगेतूनही वाचता आली.

पॉवरपॉइंट नसेल तर लिब्रेऑफिसच्या इम्प्रेसमध्ये Tools मेनूत Minimize Presentation ही सोय आहे. तिथे फोटोंची प्रत, ppi, क्रॉप केलेले भाग आणि न वापरलेल्या मांडण्या असं सगळं एकापाठोपाठ विचारलं जातं. मॅकवरच्या पॉवरपॉइंटमध्ये Compress Pictures हे File मेनूतही सापडतं.

आणि ही वेळच येऊ नये असं वाटत असेल तर फोटो स्लाइडवर घालण्यापूर्वीच लहान करावेत. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज फुकट मिळतं. ते बसवलं की फोल्डरमधले सगळे फोटो एकदम निवडून उजव्या टिचकीने लहान करता येतात. त्यातलं Large हे माप १९२० गुणिले १०८० च्या चौकटीत बसवतं, सादरीकरणाला तेवढं पुरे. लहान केलेल्या प्रती वेगळ्या तयार होतात, मूळ फोटो तिथेच राहतात. ते तसेच राहू द्यावेत. शाळेच्या शंभराव्या वर्षी कोणाला फोटो मोठे छापायचे असतील तर ते सादरीकरणातून मिळणार नाहीत, या मूळ फोल्डरमधूनच मिळतील.

कार्यक्रमाला मी गेलो होतो. फाइल पेनड्राइव्हवरून आठ-दहा सेकंदांत उघडली आणि ४८ स्लाइड कुठेही न अडखळता सरकल्या. जेवताना मी प्रोजेक्टरवरची चिठ्ठी वाचली. त्यावर १२८० गुणिले ८०० लिहिलं होतं.